इअरबड्स फोनला जोडले जातात, टीव्हीला नाहीत : कारण शोधण्याची क्रमवार पद्धत

नवे वायरलेस इअरबड्स डबीतून काढले की फोन ते लगेच ओळखतो, आणि तेच इअरबड्स टीव्हीसमोर धरले की टीव्ही नुसता शोधत राहतो व यादी रिकामीच राहते. अशा वेळी बहुतेकांचा संशय इअरबड्सवर जातो. ते रिसेट केले जातात, दुकानात परत नेले जातात, दुकानदार ते स्वतःच्या फोनला जोडून गाणे वाजवून दाखवतो आणि ग्राहक होता तिथेच राहतो. दोष बहुधा इअरबड्सचा नसतोच. टीव्हीमध्ये ब्लूटूथ असणे आणि त्या टीव्हीने ब्लूटूथवरून आवाज बाहेर पाठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खोक्यावर छापलेल्या 'ब्लूटूथ ५.०' या ओळीवरून दुसरीविषयी काहीही कळत नाही. म्हणून काहीही रिसेट करण्यापूर्वी किंवा नवे उपकरण विकत घेण्यापूर्वी अडचण नेमकी कोणत्या बाजूची आहे हे ठरवावे. त्याची पद्धत पुढे क्रमाने दिली आहे.

प्रोफाइल म्हणजे काय, आणि फोनला सगळे का जमते

ब्लूटूथ ही केवळ वाहतुकीची सोय आहे. त्या वाटेवरून काय जाणार आणि दोन्ही टोकांनी एकमेकांशी कसे वागायचे, हे ठरवणाऱ्या नियमसंचाला प्रोफाइल म्हणतात. दोन उपकरणांमध्ये एक समान प्रोफाइल असेल तेवढेच काम त्यांच्यात होते. आपल्या विषयापुरती तीन प्रोफाइल लक्षात ठेवली तरी पुरे. पहिले ए-टू-डीपी, जे माहितीपत्रकात A2DP असे छापलेले असते. गाणी, चित्रपट, सामन्याचे समालोचन असा स्टिरिओ आवाज एका दिशेने वाहून नेणे हे त्याचे काम. दुसरे हँड्स-फ्री, म्हणजे पत्रकातील HFP. फोनवरील संभाषणासाठी आवाज दोन्ही दिशांना नेणे आणि कॉल उचलणे वा बंद करणे हे त्याचे काम. जुन्या उपकरणांवर याच कामासाठी HSP हे हेडसेट प्रोफाइल दिसते. तिसरे HID, ज्यावरून कीबोर्ड, माऊस आणि अनेक टीव्हींचे रिमोट चालतात.

ए-टू-डीपीविषयी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण निम्मा गोंधळ तिच्यातूनच होतो. या प्रोफाइलला दोन टोके असतात : एक आवाज पाठवणारे आणि दुसरे आवाज घेणारे. इअरबड्स नेहमी घेणारे टोक असतात आणि फोन पाठवणारे. टीव्ही मात्र कोणतेही टोक असू शकतो. फोनमधील गाणी टीव्हीच्या स्पीकरवर वाजवण्याची सोय ज्या टीव्हीत असते, तो त्या वेळी घेणारे टोक असतो. अशा टीव्हीच्या पत्रकात ए-टू-डीपीचा उल्लेख खरोखरच सापडतो, आणि तरीही तो इअरबड्सना आवाज पाठवू शकेलच असे नाही, कारण दोन घेणारी टोके एकमेकांसमोर आली तर पाठवणार कोण? त्यामुळे पत्रकात केवळ प्रोफाइलचे नाव शोधून थांबू नये. टीव्हीवरून ब्लूटूथ हेडफोनला आवाज देता येतो असे स्पष्ट लिहिले आहे का, हे पाहावे.

फोनची रचनाच कॉल, संगीत, घड्याळ आणि गाडीतील स्पीकर ही सगळी कामे गृहीत धरून केलेली असते. समोरच्या उपकरणाला फक्त हँड्स-फ्री येत असेल तर फोन तेवढ्यावर जोडून घेतो, दोन्ही येत असतील तर दोन्ही सुरू करतो. टीव्ही असा सढळ नसतो. कमी किमतीच्या अनेक संचांमध्ये ब्लूटूथ फक्त व्हॉइस रिमोटसाठी बसवलेले असते. ते रिमोट ओळखते, कधी कीबोर्डही ओळखते, आणि आवाजाच्या बाबतीत तिथेच थांबते.

पहिली पायरी : इअरबड्स काय करू शकतात ते फोनवरच पाहावे

ही तपासणी घरबसल्या होते. इअरबड्स अँड्रॉइड फोनला जोडून सेटिंग्जमध्ये जावे, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत त्यांच्या नावाशेजारचे चक्राचे चिन्ह दाबावे. बहुतेक फोनवर तिथे `Phone calls` आणि `Media audio` अशी दोन बटणे दिसतात. काही कंपन्यांच्या फोनवर त्यांची नावे `Calls` आणि `Audio` अशी असतात. पहिले बटण हँड्स-फ्री प्रोफाइलचे आहे आणि दुसरे ए-टू-डीपीचे. आता एखादे गाणे सुरू ठेवून `Phone calls` बंद करावे. गाणे कानात तसेच चालू राहिले, तर इअरबड्सचे ए-टू-डीपी ठीक आहे, आणि टीव्हीला तेवढेच लागते. त्यानंतर `Phone calls` पुन्हा चालू करून `Media audio` बंद करून पाहावे; गाणे फोनच्या स्पीकरवर येईल, कॉल मात्र कानातच येतील. दोन प्रोफाइल म्हणजे दोन वेगळ्या जोडण्या कशा, हे या एका प्रयोगाने जितके स्पष्ट होते तितके वाचून होत नाही. झाल्यावर दोन्ही बटणे पुन्हा चालू करावीत. आयफोनमध्ये अशी बटणे नाहीत. तिथे गाणे स्टिरिओमध्ये स्वच्छ ऐकू येणे एवढाच पुरावा घ्यावा, आणि तो पुरेसा आहे.

`Media audio` हे बटण मुळात दिसलेच नाही, तर हातातील वस्तू फक्त कॉलसाठी बनवलेली आहे. एका कानात अडकवायचे जुने हेडसेट बहुधा याच जातीचे असतात. फोनला ते सहज जोडले जातात, कारण फोनला हँड्स-फ्री येते. टीव्हीला ते कधीच जोडले जाणार नाहीत, आणि त्यावर सेटिंगमध्ये काही उपाय नाही.

दुसरी पायरी : टीव्ही आवाज पाठवतो का

याचे उत्तर टीव्हीच्या ध्वनी विभागात असते. ब्लूटूथ विभागात ते शोधू नये. तिथे `Bluetooth` चालू दिसते आणि माणूस निष्कारण आशेवर राहतो. सॅमसंगच्या संचावर `Sound Output` उघडून त्यात `Bluetooth Speaker List` आहे का ते पाहावे. ती ओळ नसेल तर तो संच ब्लूटूथवरून आवाज देत नाही. एलजीच्या संचांवर `Sound Out` या ओळीखाली ब्लूटूथ उपकरणाचा पर्याय मिळतो. अँड्रॉइड टीव्ही आणि गूगल टीव्हीवर जोडणी `Remotes & Accessories` येथून होते, आणि गोंधळाला वावही तिथेच आहे, कारण रिमोट आणि हेडफोन एकाच यादीत शोधले जातात. सोनीच्या अँड्रॉइड संचांवर एक सोपी खूण आहे : ध्वनीच्या सेटिंगमध्ये `A/V sync` ही ओळ असेल तर तो संच ए-टू-डीपीवरून आवाज पाठवतो. मेनूची मांडणी सालागणिक बदलते, त्यामुळे शब्द तंतोतंत जुळले नाहीत तरी बिचकू नये; ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन हा आवाज बाहेर काढण्याचा मार्ग म्हणून दिसतो का, एवढाच प्रश्न आहे.

मेनूमधून उत्तर मिळाले नाही तर शोधयादीवरून अंदाज बांधता येतो. इअरबड्स जोडणीच्या स्थितीत असताना टीव्हीच्या यादीत फक्त रिमोट आणि कीबोर्ड दिसत असतील आणि कोणतेही हेडफोन किंवा स्पीकर कधीच दिसत नसतील, तर टीव्ही त्यांना मुद्दाम गाळत असण्याची शक्यता मोठी आहे. प्रत्येक ब्लूटूथ उपकरण आपण कोणत्या वर्गातले आहोत हे सांगणारा एक क्रमांक प्रक्षेपित करते, आणि काही टीव्ही आपल्याला नको असलेले वर्ग यादीत दाखवतच नाहीत. शेजाऱ्याचा एखादा ब्लूटूथ स्पीकर उसना आणून तो दिसतो का ते पाहावे. स्पीकर दिसला आणि इअरबड्स दिसले नाहीत, तर दोष जोडणीच्या पद्धतीत शोधावा. दोन्ही दिसले नाहीत, तर दोष टीव्हीच्या क्षमतेत आहे आणि पुढची पायरी सोडून थेट ट्रान्समीटरच्या, म्हणजे टीव्हीच्या वतीने आवाज पाठवणाऱ्या वेगळ्या डबीच्या, भागाकडे जावे. त्याआधी टीव्हीचे सॉफ्टवेअर एकदा अद्ययावत करून घ्यायला हरकत नाही, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये.

तिसरी पायरी : जोडणी करताना फोन आडवा येतो

टीव्ही सक्षम असूनही जोडणी होत नाही, याचे नेहमीचे कारण खिशातील फोन हे असते. इअरबड्स डबीतून बाहेर येताच शेवटच्या ओळखीच्या उपकरणाला जाऊन चिकटतात आणि एकदा जोडले गेले की नवीन उपकरणाला दिसेनासे होतात. घरात दोन फोन आणि एक लॅपटॉप त्यांच्या ओळखीचे असतील तर तिन्हींचे ब्लूटूथ बंद करावे. फोनवर वरून खाली ओढायच्या पट्टीतील बटण दाबणे काही फोनवर पुरत नाही. आयफोनवर त्या बटणाने चालू जोडणी तात्पुरती तुटते, पण ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊनच बंद करावे.

त्यानंतर इअरबड्सना जोडणीच्या स्थितीत न्यावे लागते. नुसती डबी उघडणे म्हणजे जोडणीची स्थिती नव्हे. फोन जवळ असताना डबी उघडली की पडद्यावर चित्रासह चौकट येते, ती वेगळी सोय आहे आणि बहुतेक टीव्हींना ती लागू होत नाही. डबीवर बटण असेल तर दोन्ही इअरबड्स आत ठेवून, झाकण उघडे ठेवून, दिवा लुकलुकू लागेपर्यंत ते बटण काही सेकंद दाबून धरावे. बटण नसेल तर दोन्ही इअरबड्सवरील स्पर्शाची जागा दाबून धरायची असते. दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे, याकडे बारकाईने पाहावे. ही स्थिती थोडाच वेळ टिकते, म्हणून टीव्हीवरील शोध आधी सुरू करून मग बटण दाबावे.

यादीत एकाच इअरबड्सची दोन नावे दिसली तर नेहमीच्या, साध्या नावावर जावे. `LE` अशी अक्षरे आधी लागलेले नाव कमी ऊर्जेच्या वेगळ्या जोडणीचे असते, आणि ते निवडले की जोडणी झाल्यासारखी वाटते पण आवाज येत नाही. स्वस्त जोड्यांमध्ये डावा आणि उजवा असे दोन नग वेगवेगळे दिसू शकतात. तसे झाल्यास दोन्ही परत डबीत ठेवून एकत्र बाहेर काढावे, म्हणजे ते आधी एकमेकांना शोधतात. नव्या काही जोड्यांच्या अॅपमध्ये `LE Audio` चालू करण्याची सोय असते. ही २०२० साली जाहीर झालेली नवी ध्वनिव्यवस्था आहे आणि जुन्या टीव्हीला ती कळत नाही, म्हणून टीव्हीला जोडण्यापूर्वी ती बंद ठेवलेली बरी.

जोडणी झाल्यावरही आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून येत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. जोडणी आणि आवाजाची वाट या दोन पायऱ्या अनेक संचांवर वेगळ्या असतात. पुन्हा `Sound Output` किंवा `Sound Out` उघडून इअरबड्स निवडावे लागतात. टीव्हीला साउंडबार आधीच जोडलेला असेल तर त्यालाच प्राधान्य मिळत असते, तेव्हा पडताळणीपुरता तो काढून ठेवावा.

आवाज कोणाचा, ब्लूटूथ कोणाचे

आपल्याकडच्या घरांत हा प्रश्न हमखास येतो, कारण एकाच टीव्हीला केबलचा किंवा डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स, शिवाय एखादी स्ट्रीमिंग स्टिक अशी दोन उपकरणे लावलेली असतात. फायर टीव्ही स्टिकला स्वतःचे ब्लूटूथ असते आणि `Controllers & Bluetooth Devices` मधील `Other Bluetooth Devices` येथून तिला इअरबड्स व्यवस्थित जोडता येतात. पण स्टिक फक्त स्वतःच्या पोटातला आवाज पाठवू शकते. स्टिकवर चित्रपट लावला तर तो कानात ऐकू येईल. रिमोटवर इनपुट बदलून सेट-टॉप बॉक्सवरील बातम्या लावल्या की आवाज टीव्हीच्या स्पीकरवर जाईल, इअरबड्स जोडलेले दिसत असूनही. अॅपवर आवाज येतो आणि चॅनेलवर येत नाही अशी तक्रार असेल, तर बहुतेक वेळा कारण हेच असते. उलट, ज्यांचे सगळे पाहणे स्टिकवरच होते, त्यांच्यासाठी टीव्हीचे ब्लूटूथ कसे आहे हा प्रश्नच उरत नाही.

माइकची अपेक्षा का ठेवू नये

'हेडसेट' या शब्दात माइक गृहीत असतो आणि इअरबड्सना माइक असतोही. तरीही टीव्हीला जोडल्यावर तो मुका राहतो. ए-टू-डीपी एका दिशेने चालते. माइकचा आवाज परत आणायला हँड्स-फ्री लागते, आणि टीव्ही ते सहसा ठेवत नाहीत. टीव्हीवर बोलून शोधण्यासाठी म्हणूनच रिमोटमध्ये माइक दिलेला असतो. इअरबड्सवर दोनदा टिचकी मारून टीव्हीला हुकूम देता येईल अशी कल्पना कोणी करत असेल तर ती सोडून द्यावी. फार तर गाणे थांबवणे किंवा पुढे नेणे यांसारख्या खुणा चालतात, आणि त्या AVRCP नावाच्या निराळ्या प्रोफाइलवरून जातात.

टीव्हीला हँड्स-फ्री नाही याचे वाईट वाटून घेण्याचेही फारसे कारण नाही. त्या प्रोफाइलवर आवाज मोनो होतो आणि त्याचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा सुधारित प्रकारात १६,००० वेळा घेतले जातात, तर ए-टू-डीपीवर ४४,१०० किंवा ४८,००० वेळा. लॅपटॉपवर बैठक सुरू होताच कानातले गाणे अचानक टेलिफोनमधून आल्यासारखे का होते, त्याचे कारणही हेच : माइक उघडला की जोडणी हँड्स-फ्रीवर उतरते. टीव्हीसमोर बसून व्हिडिओ कॉल करायचा असेल तर इअरबड्स फोनलाच जोडलेले ठेवावेत आणि बोलणे फोनवरून करावे.

एक उदाहरण : आजोबा, मालिका आणि ट्रान्समीटर

ठाण्यातील एका घरात आजोबांना कमी ऐकू येत असल्याने संध्याकाळी टीव्हीचा आवाज मोठा लागे आणि आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या नातीला त्याचा त्रास होई. तिनेच आपले जुने इअरबड्स आजोबांना दिले. टीव्ही ४३ इंची, स्मार्ट, खोक्यावर ब्लूटूथचे चिन्ह. इअरबड्स यादीत दिसेनात. वर दिलेल्या क्रमाने पाहिले तेव्हा फोनवर `Media audio` चालत होते, म्हणजे इअरबड्स निर्दोष. टीव्हीच्या ध्वनी विभागात स्पीकर आणि ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावरून आवाज नेणारी केबल, एवढेच मार्ग होते, ब्लूटूथ नव्हते. आणि उसना आणलेला स्पीकरही यादीत आला नाही. टीव्हीचे ब्लूटूथ रिमोटपुरतेच आहे, हे इथेच ठरले. मालिका केबलच्या बॉक्सवर लागत असल्याने स्टिकचा मार्गही उपयोगाचा नव्हता.

अशा वेळी ब्लूटूथ ट्रान्समीटर लागतो. हाताच्या तळव्यात मावेल एवढी ही डबी टीव्हीच्या ऑप्टिकल किंवा ३.५ मिमी हेडफोन सॉकेटमधून आवाज घेते आणि टीव्हीच्या वतीने ए-टू-डीपीचे पाठवणारे टोक होते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. ती डबी खरोखर पाठवणारी असावी, कारण बाजारात दिसायला अगदी तशाच पण फक्त आवाज घेणाऱ्या रिसीव्हर डब्या स्वस्तात मिळतात. दोन्ही कामे करणाऱ्या डबीवर `TX` आणि `RX` असा खटका असतो, आणि तो `TX` वर हवा. दुसरे, आपल्या टीव्हीला जो सॉकेट आहे तोच त्या डबीला असावा. खरेदीपूर्वी टीव्हीच्या मागे टॉर्च मारून सॉकेटचा फोटो काढून ठेवावा, दुकानात बराच वाद वाचतो.

त्या घरी ऑप्टिकल सॉकेट होता. केबल लावली, डबीला टीव्हीच्याच यूएसबी सॉकेटमधून वीज दिली, तरी आवाज नाही. पहिले कारण क्षुल्लक निघाले : नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लास्टिकची बारीक टोपणे असतात आणि ती न काढताच केबल आत दाबली गेली होती. टोपणे काढल्यावर केबलच्या मोकळ्या टोकाशी लाल उजेड दिसला, म्हणजे टीव्ही काहीतरी पाठवत होता. तरीही इअरबड्समध्ये मालिकेचा आवाज येईना. काही चॅनेलवर शांतता आणि काहींवर खरखर. हे दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. ऑप्टिकलवरून टीव्ही साधा स्टिरिओ आवाज पाठवू शकतो किंवा डॉल्बीमध्ये बांधलेला आवाज पाठवू शकतो, आणि छोट्या ट्रान्समीटरला डॉल्बीची गाठ सोडवता येत नाही. टीव्हीच्या ध्वनी विभागात डिजिटल आवाजाच्या स्वरूपाची ओळ असते. ती `Auto` किंवा `Dolby Digital` वरून `PCM` या साध्या स्टिरिओ स्वरूपावर आणली आणि आवाज स्वच्छ येऊ लागला.

जोडणीही जरा वेगळी असते, कारण ट्रान्समीटरला पडदा नाही. डबी आणि इअरबड्स दोन्ही एकमेकांपासून वीतभर अंतरावर ठेवून दोन्ही जोडणीच्या स्थितीत न्यायचे, आणि डबी समोर सापडलेल्या पहिल्या उपकरणाला धरते. चाळीत किंवा लागून असलेल्या फ्लॅटमध्ये शेजारचा एखादा स्पीकर त्याच वेळी जोडणीच्या स्थितीत असला तर आपली मालिका तिकडे वाजू शकते. हसण्यासारखे असले तरी असे घडते. इअरबड्समध्ये आवाज आल्याची खात्री करूनच डबी जागेवर चिकटवावी.

ऑप्टिकलचा एक गुण या घरी विशेष कामाचा ठरला. बहुतेक संचांवर त्या वाटेने जाणाऱ्या आवाजाची पातळी ठरलेली असते आणि टीव्हीच्या रिमोटने ती बदलत नाही. त्यामुळे घरच्यांनी टीव्हीचा स्पीकर आपल्याला हवा तेवढा ठेवला किंवा पूर्ण बंद केला, तरी आजोबांच्या कानातला आवाज तसाच राहतो. ३.५ मिमी सॉकेट वापरला असता तर प्लग आत जाताच अनेक टीव्हींचे स्पीकर बंद होतात आणि बाकीच्यांना मूकपट पाहावा लागतो.

ओठ आणि आवाज

दोन दिवसांनी आजोबांची तक्रार आली : "अगं, माणूस बोलून मोकळा होतो आणि मग मला ऐकू येतं." ही तक्रार खरी असते. ए-टू-डीपीमध्ये आवाज आधी आकुंचित करून, साठवून, मग पाठवला जातो. प्रत्येक उपकरणात असावीच लागते ती एसबीसी ही मूळ पद्धत वापरली तर उशीर साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांचा होतो. टीव्हीवरील चित्राची एक चौकट सेकंदाला २५ या गतीने ४० मिलिसेकंद टिकते, म्हणजे आवाज चार ते सहा चौकटी मागे पडतो आणि डोळ्यांना ते जाणवते. टीव्हीचे स्वतःचे ब्लूटूथ असेल तर टीव्हीला हा उशीर ठाऊक असतो आणि तो चित्र तेवढे थोपवून धरू शकतो. `A/V sync` ची ओळ त्यासाठीच असते. बाहेरच्या ट्रान्समीटरविषयी मात्र टीव्हीला काहीच कल्पना नसते.

इथे नवखे लोक एक सेटिंग उलटे फिरवतात. ध्वनी विभागात आवाजाला उशीर देणारा एक आकडा असतो, `Digital Output Audio Delay` यासारख्या नावाचा. तो वाढवला की आवाज आणखी मागे जातो, कारण तो साउंडबारसारख्या जलद उपकरणांसाठी दिलेला आहे. आपल्याला आवाज पुढे आणायचा आहे, जे या सेटिंगला जमत नाही. म्हणून तो शून्यावर आणून ठेवावा. त्या घरी तो आधीपासून शून्यावर नव्हता, आणि तेवढ्याने तक्रार बरीच सौम्य झाली.

त्यापुढचा उपाय पैसे खर्चण्याचा आहे. अॅपटीएक्स लो लेटन्सी या पद्धतीत उशीर सुमारे ४० मिलिसेकंदांवर येतो, पण ती ट्रान्समीटर आणि इअरबड्स या दोन्हींमध्ये असावी लागते. एकाच टोकाला असेल तर दोघे निमूटपणे एसबीसीवर येतात आणि खोक्यावरचे चिन्ह शोभेपुरते उरते. डबीत ठेवायच्या वायरलेस इअरबड्समध्ये ही पद्धत क्वचितच आढळते; ती बहुतेक कानावर बसणाऱ्या हेडफोनमध्ये मिळते. ज्येष्ठ माणसासाठी केवळ टीव्हीपुरते काही घ्यायचे असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : इअरबड्सचा हट्ट सोडावा आणि स्वतःच्या तळासह येणारे, टीव्हीसाठीच बनवलेले वायरलेस हेडफोन घ्यावेत. त्यांचा तळ आणि हेडफोन कारखान्यातूनच जोडलेले येतात, उशीर जाणवत नाही, चार्जिंगसाठी ते तळावर नुसते ठेवायचे असतात, आणि बोटभर आकाराचा नग सोफ्याच्या फटीत हरवत नाही. आजोबांनी मात्र नातीचेच इअरबड्स ठेवले. बातम्यांना आणि मालिकांना तेवढा उशीर त्यांना चालतो, फक्त क्रिकेटच्या वेळी ते इअरबड्स काढून ठेवतात, कारण बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज उशिरा आलेला त्यांना खपत नाही.